पावतीवरचा कुठला नंबर आपल्या कामाचा?

नमस्कार मंडळी. गेल्या जूनमध्ये धरमपेठेतल्या एक काकू देणगीच्या दोन पावत्या घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. दोन्ही एकाच ट्रस्टच्या. एक १२,००० रुपयांची, यूपीआयने दिलेली. दुसरी ३,००० ची, गणपतीत रोख दिलेली. काकू जुन्या करप्रणालीत रिटर्न भरतात, म्हणून ८०जीची, म्हणजे देणगीवर उत्पन्नातून मिळणारी वजावट त्यांना मिळू शकते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही.

पहिल्या पावतीच्या माथ्यावर ठळक अक्षरांत धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा नोंदणी क्रमांक होता. काकूंना वाटलं, हाच तो नंबर. तसं नाही. त्या क्रमांकावरून ट्रस्ट राज्यात नोंदलेला आहे एवढंच कळतं. त्याखालचा १२ए चा क्रमांक ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देतो. आपल्याला, म्हणजे देणगी देणाऱ्याला, उपयोगी पडते ती ८०जीची मंजुरी. ती शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत होती. ही मंजुरी कायमची नसते. पहिली तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची आणि पुढची नियमित मंजुरी पाच वर्षांची असते. त्यामुळे आपण देणगी दिली ती तारीख त्या मुदतीत बसते का, हे पाहायचं. काकूंची बसत होती.

आता ३,००० ची रोख पावती. रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली की वजावट शून्य. पुष्कळांना वाटतं, दोन हजार तरी मान्य होतील आणि वरचे हजार जातील. नाही हो, अख्खी रक्कम जाते. तेच पैसे चेकने किंवा यूपीआयने दिले असते तर चालले असते. काकूंना हे फार लागलं, आणि मलाही वाईट वाटलं, कारण पैसा तर खराच दिला होता.

राहिले १२,०००. या ट्रस्टला निम्म्याची वजावट, म्हणजे ६,०००. काकूंचं करपात्र उत्पन्न सात लाखांच्या आसपास, म्हणून दर वीस टक्के. बाराशे रुपये कर आणि त्यावरचा ४ टक्के सेस धरून १,२४८ रुपये वाचणार होते.

पण नुसत्या पावतीवर हे होत नाही. ट्रस्टला देणग्यांचं विवरण आयकर विभागाकडे भरून ३१ मेपर्यंत आपल्याला १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. काकूंच्या १०बीईमध्ये रक्कम बरोबर होती, देयकाचा प्रकारही बरोबर होता, पण पॅनमधलं एक अक्षर चुकलं होतं. विभागाच्या नोंदीत ती देणगी काकूंच्या नावावर चढलीच नव्हती. काकू ट्रस्टच्या कार्यालयात गेल्या, ट्रस्टने सुधारित विवरण भरलं, नवं प्रमाणपत्र मिळालं. मग जुलैत आम्ही त्यावरचा क्रमांक टाकून रिटर्न भरलं.