उताराचा हिशेब : इराणमधील कनात

श्रोतेहो, नमस्कार. कनात म्हटले की आपल्याला मांडवाची कापडी भिंत आठवते. आजची कनात निराळी आहे. इराणच्या कोरड्या पठारांवर डोंगराच्या पायथ्याचे भूजल कोस-कोस दूरच्या गावापर्यंत नेणारा हा भुयारी पाट असून तो खोदणाऱ्या कारागिरास तिकडे मुकन्नी म्हणतात.

पाणी जमिनीवर आपोआप यावे, हा इथला खरा पेच. पायथ्याशी आधी एक खोल विहीर खणतात. तिला मादर-चाह, म्हणजे आईविहीर, असे नाव आहे. समजा, तिचे पाणी ४५ मीटर खोल आहे आणि माळ दर किलोमीटरला १० मीटर उतरतो. मुकन्नी विहिरीत दोर सोडून पाण्यापर्यंतची खोली त्यावर खूण करून घेतो. मग दोन ठिकाणांमध्ये सुतळी ताणून तिच्यावर पाण्याचे थेंब टाकतो. थेंब कोणत्याही बाजूला ओघळले नाहीत, तर सुतळी समपातळीत आहे असे ठरते. तिच्याखाली जमीन जितकी उतरली असेल तितके माप तो दोरावर मोजत जातो. सारा दोर संपला की आपण विहिरीतल्या पाण्याच्या पातळीला आलो. आपल्या उदाहरणात साडेचार किलोमीटरवर. परंतु भुयारालाही किलोमीटरला साधारण एक मीटर उतार हवा, म्हणून भुयाराचे मुख, म्हणजे पाणी बाहेर पडते ती जागा, आणखी अर्धा किलोमीटर खाली, पाचव्या किलोमीटरवर येते.

हा एक मीटरच जपावा लागतो. उतार वाढला तर प्रवाह तळ खरवडतो आणि भिंती ढासळतात. तो कमी पडला तर गाळ बसतो.

खोदाई मात्र मुखाकडून वर चढत करतात, म्हणजे पाझर लागल्यावर पाणी खोदणाऱ्याच्या पाठीमागून वाहून जाते. जेमतेम वाकून चालता येईल एवढ्या त्या भुयारात मुकन्नी मागे दोन दिवे ठेवतो. वळून पाहिल्यावर ते एका रेषेत दिसले, तर दिशा सरळ आहे. दिवा मंदावला, तर हवा बिघडली आहे असे समजून त्याने बाहेर पडायचे. साधारण वीस-तीस मीटरांवर, कुठे त्याहून दूर, उभ्या विहिरी पाडलेल्या असतात. त्यांतून हवा आत येते आणि रहाटाने माती वर जाते. तीच माती विहिरींच्या तोंडाभोवती कडे करून रचतात, नाहीतर वळवाचा लोंढा आत शिरून भुयार बुजवील. आकाशातून या कड्यांची ओळ मुंग्यांच्या वारुळांसारखी दिसते. भुसभुशीत जमिनीत भाजलेल्या मातीची कडी बसवून छत सावरतात.

गोनाबाद येथील कसबेची कनात सुमारे ३३ किलोमीटर लांब आहे. २०१६ मध्ये ११ इराणी कनाती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत तीही आहे. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, काढलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली.

कनातीला पंप लागत नाही, पण भूजलाची पातळी भुयाराच्या तळाखाली गेली की ती निकामी होते. शेजारी खोल कूपनलिका चालू झाल्या की आधी वरच्या अंगाचा पाझर आटतो. मग मुकन्नी भुयार डोंगराकडे आणखी पुढे नेऊन पाहतो. तळ खोल करून मात्र भागत नाही. मुखाची उंची ठरलेली असते आणि उतार तिथूनच मोजायचा असतो.