घड्याळ एक, सूर्योदय अनेक

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, संपादित)

मंडळी, आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो असा: एवढ्या लांबरुंद भारताला एकच प्रमाणवेळ का? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घड्याळ एकच असावं, पण शाळा आणि कचेऱ्या किती वाजता उघडायच्या हे जिथल्या तिथे, सूर्य बघून ठरावं. आपण वर्षानुवर्षं घड्याळावर भांडतोय आणि वेळापत्रकाला हात लावत नाही, ही माझी तक्रार आहे.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. कच्छच्या पश्चिम टोकाचं रेखांश साधारण ६८, अरुणाचलच्या पूर्व टोकाचं ९७. मध्ये एकोणतीस अंश, म्हणजे जवळजवळ दोन तास. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर ठरली आहे. तिथे सूर्य सरासरीने बाराला डोक्यावर येतो. मुंबई त्या रेषेच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे मध्यान्ह होते सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. ही एकोणचाळीस मिनिटं लक्षात ठेवा, त्यांच्यावरून या शहरात दंगा झालेला आहे!

तो किस्सा सांगायलाच हवा. रेल्वे आली तेव्हा प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती. मुंबईची ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न मिनिटं पुढे. रेल्वेने स्वतःपुरती मद्रासची वेळ धरली, कारण ती साधारण मधली. मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये सरकारी कारभारातही मद्रास टाइम आणायचा प्रयत्न केला, तो मुंबईकरांनी चालू दिला नाही. मग १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, आजची वेळ लागू झाली. एका रात्रीत शहराचं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे गेलं.

आता गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून बघा. जानेवारीचा पहिला आठवडा. मुंबईत वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीतच होतो. आज आपण म्हणतो सकाळी सव्वासात, ते जुन्या घड्याळात सहा वाजून छत्तीस मिनिटं. कामगाराच्या चाळीत घड्याळ नव्हतं, तो उजेडावर आणि भोंग्यावर उठायचा. आता भोंगाच एकोणचाळीस मिनिटं आधी, काळोखात वाजायला लागला. घरातली बाई त्याच्याही आधी तासभर चुलीपुढे बसायची, तिची झोप किती गेली ते कुणीच मोजलं नाही. त्या आठवड्यात एका गिरणीतले कामगार हजारोंच्या संख्येने चिडून बाहेर आले. त्यांना ग्रिनिच काय आणि रेखांश काय, कशाशीच देणंघेणं नव्हतं. आपली झोप कुणीतरी न विचारता कापली, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. मला विचाराल तर त्यांचं निदान अचूक होतं.

वसाहतीच्या सरकारने लादलेली वेळ म्हणून सुशिक्षितांचाही विरोध होता. महापालिकेने मुंबई टाइम सोडला नाही तो थेट १९५५ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं. बोरीबंदरला रेल्वेचं घड्याळ एक वेळ दाखवतंय, रस्त्यापलीकडे पालिका दुसऱ्या वेळेने चालतेय, आणि लोक भेट ठरवताना विचारतायत, ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ आजही जुन्या मुंबईकराची पत्रिका मांडताना जाणता ज्योतिषी हाच प्रश्न विचारतो. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातला जन्म असेल तर आणखी एक तास वजा करतो, कारण महायुद्धात सगळ्या देशाचं घड्याळ तासभर पुढे केलं होतं. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण वेळेच्या बाबतीत ही मंडळी फार चोख.

बरं, आता पूर्वेकडे जाऊ. माझी भाची दिब्रुगडला बँकेत होती, म्हणून मुंबई आणि दिब्रुगडचा हिशेब मी नीट मांडून बघितला. रेखांशात बावीस अंशांचा फरक, म्हणजे अठ्ठ्याऐंशी मिनिटं. पण सूर्योदयातला फरक बारा महिने अठ्ठ्याऐंशी राहत नाही, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. २१ जूनला मुंबईत सूर्य उगवतो सहा वाजून दोन मिनिटांनी, दिब्रुगडला चार वाजून सोळा मिनिटांनी. फरक १०६ मिनिटांचा. २१ डिसेंबरला मुंबईत सात वाजून सात, दिब्रुगडला पाच वाजून छप्पन्न. फरक एक्काहत्तरच.

असं का? दिब्रुगड आपल्यापेक्षा साडेआठ अंश उत्तरेला आहे. जितकं उत्तरेला जावं तितका उन्हाळ्यातला दिवस मोठा आणि हिवाळ्यातला लहान. जूनमध्ये तिथला दिवस आपल्यापेक्षा छत्तीस-एक मिनिटांनी मोठा असतो. त्यातली अर्धी मिनिटं सकाळी पुढे सरकतात, अर्धी संध्याकाळी. म्हणून सकाळी अठ्ठ्याऐंशी अधिक अठरा, आणि संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी वजा अठरा. डिसेंबरात बरोबर उलट. रेखांश मूळ फरक ठरवतो, अक्षांश त्याला ऋतूप्रमाणे ताणतो आणि आवळतो. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र समान असताना ठोक अठ्ठ्याऐंशी हाती येतात. फार लांब जायलाही नको. नागपूरकर मुंबईकरापेक्षा हिवाळ्यात वीस-एक आणि उन्हाळ्यात तीस-एक मिनिटं आधी सूर्य बघतो. मुंबईचा सूर्योदय छापलेलं कॅलेंडर नागपुरात टांगून त्यावर मुहूर्त काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दिब्रुगडचा खरा त्रास डिसेंबरातल्या संध्याकाळचा आहे. सूर्यास्त चार वाजून एकवीस मिनिटांनी! भाची सांगायची, जेवणाची सुट्टी संपते न संपते तोच सावल्या लांब होतात. अडीचचं ऊन आपल्याकडच्या चारच्या उन्हासारखं. पाचला बँक सुटते तेव्हा बाहेर रात्र. आणि जूनमध्ये दहाला बँक उघडते तोवर सूर्य उगवून पावणेसहा तास झालेले. सगळ्यात चांगला उजेड आणि सकाळचा गारवा फुकट गेलेला.

गंमत म्हणजे याच्यावरचा उपाय तिथेच, शहराबाहेरच्या चहाच्या मळ्यात ब्रिटिश काळापासून चालू आहे. त्याला बागान टाइम म्हणतात. मळ्यातलं घड्याळ देशाच्या एक तास पुढे. देशात सात वाजतात तेव्हा मळ्यात आठ. त्या घड्याळाने जूनचा सूर्योदय सव्वापाचला येतो, डिसेंबरचा सूर्यास्त पाच वाजून एकवीस मिनिटांनी. पानं खुडायची तर उजेडातच खुडायला हवीत, त्यामुळे मळेवाल्यांना दिल्लीची वाट बघणं परवडणारं नव्हतं.

आणखी एक सांगतो. आगरतळा बांगलादेशाच्या पूर्वेला आहे. तिथून सीमा ओलांडून पश्चिमेला ढाक्याकडे निघालात तर घड्याळ मागे करायला हवं ना? प्रत्यक्षात अर्धा तास पुढे करावं लागतं, कारण बांगलादेश ग्रिनिचच्या सहा तास पुढे आणि आपण साडेपाच. आणि चीनकडे बघा. रुंदी आपल्या दुपटीहून जास्त, १९१२ नंतर तिथे पाच कालविभाग होते, १९४९ नंतर सगळीकडे बीजिंगची वेळ. काशगरला डिसेंबरात सूर्य उगवतो सव्वादहाच्या सुमाराला. शिनजियांगमध्ये बरेच लोक आपापसात दोन तास मागची वेळ पाळतात...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिली म्हणतात. मग मुख्य मुद्द्यावर येतो.

दोन कालविभागांची मागणी ईशान्येतून कित्येक वर्षं होते आहे. देशाची वेळ जी राखते त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेच २०१८ मध्ये तसा प्रस्ताव मांडला. आसाम आणि पश्चिम बंगालच्या सीमेवर, जिथे देश अगदी चिंचोळा होतो तिथे रेषा आखायची, आणि पलीकडचं घड्याळ तासभर पुढे. चिंचोळी जागा निवडली कारण तिथे फार थोड्या ठिकाणी रेल्वे ही रेषा ओलांडते. प्रस्ताव विचारपूर्वक केलेला आहे. तरी मला पटत नाही. गाड्या, विमानं, बँकेचे व्यवहार, परीक्षा, कोर्टाच्या तारखा, या सगळ्यांना देशभर एकच आकडा लागतो. शिवाय ईशान्येला देशापासून वेगळं काढलं जाईल ही भीती सरकारला वाटते. ती भीती खरी की खोटी यावर दुसरं व्याख्यान होईल, पण निर्णय अडतो तो तिथे.

दुसरी सूचना बंगळुरूच्या अभ्यासकांची: सगळ्या देशाचंच घड्याळ अर्धा तास पुढे करा, संध्याकाळची वीज वाचेल. वीज वाचेलही. पण किंमत पश्चिम भारत मोजणार. द्वारकेला डिसेंबरचा सूर्योदय आठला जाईल, मुंबईत साडेसातनंतर. सकाळी सातच्या शाळेची बस अंधारात. सूर्यास्त उशिरा झाला की मुलं उशिरा झोपतात आणि शाळेची घंटा मात्र थांबत नाही, हे भारतातल्याच मुलांच्या पाहणीत दिसलेलं आहे: सूर्यास्त तासभर उशिरा, तर झोप सुमारे अर्धा तास कमी. म्हणजे १९०६ च्या कामगाराची झोप आता मुलांच्या खात्यातून कापायची.

तुम्ही म्हणाल, कचेरीच्या वेळा बदलल्या काय आणि घड्याळ बदललं काय, मुंबई आणि दिब्रुगडच्या बँकांचा सामाईक वेळ तासाभराने कमीच होणार. होणार, हे मान्य. पण घड्याळ बदललं तर सगळं एकदम हलतं, रेल्वेसकट. वेळापत्रक बदललं तर ज्याला गरज आहे तेवढंच हलतं. शाळा आणि तालुक्याची कचेरी तासभर आधी उघडेल, कोर्ट आणि विमानतळ आहे तसे राहतील. हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रकही वेगळं ठेवता येईल, ते तर कालविभागाच्या रेषेने होतच नाही.

आणि हे करता येतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं परिपत्रक काढलं. कारण मुलांच्या झोपेचंच होतं. बसवाले कुरकुरले, दोन सत्रांच्या शाळा अडचणीत आल्या, ते सगळं झालं. पण त्यासाठी ग्रिनिचला विचारावं लागलं नाही, संसदेत कायदा करावा लागला नाही. दिब्रुगडच्या शाळेला हाच अधिकार उलट्या दिशेने वापरू द्या. डिसेंबरात साडेसातला भरवा आणि दीडला सोडा, म्हणजे पोरांना खेळायला पावणेतीन तास उजेड मिळेल.

प्रश्न असतील तर आता विचारा, दिवे बंद होईपर्यंत मी इथेच आहे.