थर्ड शिफ्टचं पोट

नमस्कार श्रोतेहो. चाकणच्या एमआयडीसीत सकाळी सातला थर्ड शिफ्ट सुटते, तेव्हा गेटबाहेरच्या टपरीवर पोह्यांसाठी झुंबड उडते. त्या गर्दीतलेच एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. वय 38, वजन 84 किलो, काम सीएनसी मशीनवर. म्हणाले, "मॅडम, घरी दोनच पोळ्या खातो, तरी पोट सुटतंच आहे."

दोन पोळ्यांचं खरं होतं. बाकीचं मी लिहून काढायला लावलं. रात्री नऊला घरचं जेवण, अडीचला कॅन्टीनमध्ये भात-आमटी, चारला वडापाव, रात्रभरात चार कप चहा आणि सकाळी पोहे. चहात प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे एका रात्रीत आठ चमचे. त्यांच्या लेखी हे खाणं नव्हतंच, जागं राहायचं औषध होतं.

आता अडीच वाजताच्या त्या भाताकडे बघा. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरू लागतं. ते झोप आणतं आणि स्वादुपिंडाचा हातही आखडता करतं, म्हणजे इन्शुलिन कमी सुटतं. त्यामुळे दुपारी जो भात सहज पचतो, तोच रात्री खाल्ला तर रक्तातली साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. आठवडाभर रात्रपाळी केली म्हणून शरीराचं हे घड्याळ उलटं होत नाही. सकाळी घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडतं आणि ते पुन्हा जागच्या जागी येतं.

म्हणून आम्ही कॅलरी मोजत बसलो नाही, जेवणाच्या वेळा हलवल्या. त्यांच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात. तिन्हींत पोटाला ओळखीची राहील अशी एकच वेळ सापडली, ती दुपारी दोन ते साडेतीनची. फर्स्टला घरी आल्यावर, सेकंडला निघण्याआधी, थर्डला झोपून उठल्यावर. मुख्य जेवण तेव्हाच: भाकरी, वाटीभर उसळ, भाजी, ताक, जमल्यास दोन अंडी. रात्री नऊला त्याहून हलकं जेवण. थर्डला कॅन्टीनमध्ये एकच्या सुमारास मूठभर फुटाणे, काकडी, ताक, आणि दोननंतर सकाळपर्यंत फक्त पाणी. चारच्या सुमाराला जी भूक लागते ती बरेचदा झोपेचीच असते. उठून पाच मिनिटं शॉपफ्लोअरवर फिरलं की कळतं. खरी भूक असेल तर ती तरीही राहते, मग एखादं अंडं खावं.

चहा दोन वाजेपर्यंतच. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात आणि यांना साडेआठला झोपायचं असतं.

झोपेवर मात्र आमचं भांडण झालं. ते घरी येऊन मोबाईल बघत अकराला आडवे व्हायचे आणि तीनला उठायचे. जेमतेम चार तास. त्यांना मी शिकागो विद्यापीठातला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. वजन जास्त असलेल्या 10 जणांना मोजून कमी आहार दिला. चौदा दिवस साडेआठ तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या खेपेला चौदा दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. बाकीचं बरंचसं स्नायूंसारख्या ऊतींचं. काटा खूश आणि पोट तिथंच, असा प्रकार.

तेव्हापासून घरी आल्यावर एखादं मुगाचं धिरडं, जाड पडदे, मोबाईल स्वयंपाकघरात, आणि साडेआठ ते अडीच झोप. घरच्यांनी कुकरची वेळ बदलली, याचं श्रेय त्यांच्या बायकोला.

व्यायाम सकाळी सुटल्यावर नको. तेव्हा अंग थकलेलं असतं आणि झोप आणखी लांबते. त्यांचं चालणं संध्याकाळी पाचला, चाळीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा बैठका आणि भिंतीला टेकून जोर, कारण स्नायू टिकवायचे आहेत.

पट्टीनं पोटाचा घेर दर रविवारी, उठल्यावर, काही खाण्याआधी मोजायचा. रात्रपाळीनंतरच्या वजनात मीठ-पाण्याचा फरक येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं मोठं असेल, तर आधी तेच तपासून घ्या.

बारा आठवड्यांत त्यांचं वजन साडेतीन किलो उतरलं, घेर पाच सेंटीमीटर. गणपतीत एक सेंटीमीटर परत आला. मोदकांचं काही म्हणणं नाही, पण आरतीच्या गडबडीत दहा दिवस दुपारची झोप गेली होती, असं ते स्वतःच म्हणाले.