टीम सोडताना ग्रुपवर काय लिहायचं? माझ्याच पोस्टची दुरुस्ती

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं काढली, शेवटची चार प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. राजीनामा दिल्यावर टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला जी पोस्ट लिहिली होती, तिचा पहिला खर्डा आज तुम्हाला वाचून दाखवतो. तक्रार कुठल्या शब्दातून आत शिरते, ते त्यात स्वच्छ दिसतं.

त्याआधी क्रमाचं सांगतो. पहिल्यांदा साहेबांना समोर बसून सांगितलं, मग एचआरला मेल केला. राजीनामा स्वीकारल्याचं आणि शेवटच्या दिवसाचं उत्तर लेखी आल्यावरच पुढं हाललो. माझ्या हाताखालच्या पाचही सुपरवायझरना एकेकटं बोलावून सांगितलं आणि त्याच दिवशी दुपारी पोस्ट टाकली. दुसऱ्या दिवसावर ढकललं असतं तर बातमी आधी चहाच्या गाड्यावर पोचली असती.

आता खर्डा ऐका. “मर्यादित मनुष्यबळ असूनही आपण टार्गेट पूर्ण केलं. ज्यांनी मनापासून साथ दिली, त्या सर्वांचे आभार. आता एका चांगल्या संधीकडे वळतोय.”

वाचायला गोड वाटतं की! पण बायकोनं वाचलं आणि विचारलं, “हे टीमला लिहिलंय की साहेबांना?” माणसं वाढवून मागितली तरी मिळत नव्हती, हे तिला घरात रोज ऐकू यायचं. म्हणून तिला “असूनही” हा एकच शब्द टोचला. तुमचं भांडण ज्याला माहीत आहे, अशाच माणसाला पोस्ट वाचायला द्या. बाहेरच्या माणसाला काहीच दिसणार नाही, आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना तर ते भांडण माहीतच असतं.

“ज्यांनी मनापासून साथ दिली” हे त्याहून वाईट. ते वाचलं की प्रत्येक जण साथ न देणारा कोण, हे शोधायला लागतो. आणि “चांगली संधी” म्हटलं की उद्या सकाळी त्याच भट्टीपुढं उभं राहणाऱ्यांची नोकरी वाईट ठरते. त्यांना ते का ऐकवायचं?

मनुष्यबळाची तक्रार खोटी नव्हती. ती मी एक्झिट इंटरव्ह्यूत सांगितली, कुठल्या पाळीत किती माणसं कमी पडत होती त्या आकड्यांसकट. तिथं ती कोणीतरी लिहून घेतं. ग्रुपवर तिचं उत्तर द्यायची कुणाचीच सोय नसते.

मग आभार कसे मानायचे? चाळीस जणांची नावं घातली तर एखादं सुटतंच, आणि सुटलेल्या माणसाला ते वर्षानुवर्षं आठवतं. मी नावाऐवजी काम सांगितलं. आपल्याकडं पावसाळ्यात साच्याच्या वाळूला ओल चढते. ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, येतात आणि माल रिजेक्ट होतो. आमच्या मोल्डिंगवाल्यांपैकी काही जण मुठीत वाळू दाबून, तिचा गोळा मोडून बघायचे आणि लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी “आज ओल जास्त आहे” म्हणून सांगायचे. हे लिहिलं की ज्याचं त्याला कळतं. ज्यांचं वेगळं ऋण होतं, त्यांना मी स्वतंत्र मेसेज केले.

अर्धी टीम कन्नड बोलणारी, म्हणून पोस्ट दोन्ही भाषांत टाकली. कन्नड मजकूर खानापूरच्या एका सहकाऱ्याकडून तपासून घेतला, आणि मराठीत जेवढं होतं तेवढंच कन्नडमध्येही ठेवलं. एका भाषेत चार ओळी आणि दुसऱ्या भाषेत नुसतं “धन्यवादगळु”, असं केलं तर आभाराचाच अपमान होतो.

शेवटी गेली ती पोस्ट अशी:

“मंडळी, 30 तारीख हा माझा इथला शेवटचा दिवस. पावसाळ्यात मुठीनं वाळू ओळखणारे मोल्डिंगचे लोक, रात्रपाळीत भट्टी सांभाळणारे, फेटलिंगच्या धुळीत उभं राहून माल वेळेत काढणारे आणि गाडी भरेपर्यंत थांबणारे डिस्पॅचवाले, तुम्हा सगळ्यांकडून मी हे काम शिकलो. मनापासून आभार. 30 पर्यंत चालू ऑर्डरींची फाइल सुपरवायझरकडं देतोय. काही विचारायचं असेल तर तोवर मी शॉपवरच आहे.”

माझ्या जागी कोण येणार, ते लिहिलं नाही. ते जाहीर करणं कंपनीचं काम. मी कुठं जातोय, तेही लिहिलं नाही, नाहीतर मागून माणसं ओढायचा विचार दिसतो.

पोस्ट दुपारी तीनला टाकली, पहिली पाळी सुटताना आणि दुसरी चढताना. दहाव्या मिनिटाला एकानं ग्रुपवरच विचारलं, “सर, खरं काय झालं?” मी तिथं एवढंच लिहिलं, “उद्या चहाला भेटू की.” दुसऱ्या दिवशी भेटलो, आणि तो बोलला ते सगळं त्याच्या मुलीच्या दहावीबद्दल.