छातीचं हाड काय सांगतं : शहामृग आणि पेंग्विन

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. ताटात शिजलेली अख्खी कोंबडी.]

कोंबडीच्या छातीचं मांस काढलं की मधोमध एक पातळ, उभं हाड दिसतं. होडी उलटी केल्यावर तिचा तळ दिसतो, तशी त्याची धार. पंख हलवणारे स्नायू या धारेच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले असतात. वर मांसाचा मोठा तुकडा असतो, तो पंख खाली ओढतो. त्याच्याखाली एक बारीक पट्टी सुटी निघते, ती पंख वर उचलते. पट्टी छातीत असूनही पंख वर उचलू शकते, कारण तिचं दोरीसारखं टोक, म्हणजे कंडरा, कप्पीवरून जावी तशी खांद्यावरून फिरून पंखाला जोडलेली असते.

धार, मोठा तुकडा आणि पट्टी. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

[दृश्य : शहामृगाचा सांगाडा, समोरून.]

शहामृगाच्या छातीवर ही धार नाहीच. हाड सपाट आहे, परातीसारखं. उडणाऱ्या पक्ष्याच्या वजनातला साधारण पाचवा-सहावा हिस्सा उडण्याच्या स्नायूंचा असतो, आणि पक्षी उडो वा न उडो, त्यांना रोज खाऊ घालावं लागतं. शहामृगाच्या वंशाने तो खर्चच बंद केला.

हे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मोठे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या काळात घडलं असावं. जमिनीवर चरायला जागा मोकळी होती आणि धावून पकडणारे मोठे सस्तन प्राणी अजून तयार व्हायचे होते. अशा ठिकाणी जो पक्षी जास्त खाऊन मोठा होईल, त्याचा फायदा. पण आकार वाढला की उडण्याचं गणित बिघडतं. वजन वाढतं त्याहून वेगाने उडायला लागणारी ताकद वाढते आणि स्नायू मागे पडतात. आपल्या माळढोकाचा मोठा नर 15 किलोच्या आसपास भरतो, आणि आज उडणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. शहामृग 100 किलोच्या पुढे जातो.

[दृश्य : नकाशा. आफ्रिका, मादागास्कर, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका.]

शहामृग, इमू, रिया, किवी हे सगळे एकाच न उडणाऱ्या पूर्वजाचे वंशज, आणि खंड सरकले तसे ते पांगले, असं बराच काळ मानलं जायचं. ते आता टिकत नाही. किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारच्या ऑस्ट्रेलियातला इमू नसून मादागास्करमधला नामशेष हत्तीपक्षी आहे, हे 2014 मध्ये प्राचीन डीएनएवरून दिसलं. शिवाय याच गटातला दक्षिण अमेरिकेतला टिनामू आजही उडतो. म्हणजे यांचे पूर्वज उडत पांगले आणि उड्डाण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी सुटलं.

[दृश्य : धावणारा शहामृग, संथ गतीत. कॅमेरा पायांवर.]

बदल्यात काय मिळालं, ते पायात दिसतं. मध्येच मागे वाकलेला जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. जड स्नायू सगळे वर, कमरेजवळ. खाली उरतात हाडं आणि लांब कंडरा. पाय टेकला की कंडरा रबरासारख्या ताणल्या जातात आणि उचलताना तीच ऊर्जा परत देतात. पायाचं टोक हलकं असल्यामुळे तो पटकन पुढे आणता येतो. बोटं फक्त 2, दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याची इतकी कमी नाहीत. त्यातलं मोठं बोट जवळजवळ खुरासारखं काम करतं. वेग ताशी 70 किलोमीटरपर्यंत जातो.

पंख मात्र गेलेले नाहीत. जोरात धावताना वळायचं किंवा थांबायचं असलं की तो ते पसरून तोल सांभाळतो. भर उन्हात पिल्लांवर सावली धरतो. पिसं हातात घेतली तर भुसभुशीत लागतात. उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसांतले धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पीस हवा अडवतं. इथे ते आकडे नाहीत.

[दृश्य : अंड्याच्या कवचाचा तुकडा, त्यावर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा.]

हा पक्षी एकेकाळी आपल्याकडेही होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली. नक्षी कोरलेला एक तुकडा सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचा आहे.

[दृश्य : पेंग्विनचा सांगाडा, समोरून.]

आता पेंग्विनची छाती पाहा. धार आहे, आणि चांगली भक्कम आहे. उडत नसलेल्या पक्ष्याला ती कशाला?

याचं उत्तर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या एका पक्ष्याकडून मिळतं. ब्रुनिक्स गिलमॉट हा जेमतेम किलोभर वजनाचा पक्षी पेंग्विनचा जवळचा नातेवाईक नाही, पण त्याच पंखांनी तो हवेत उडतो आणि पाण्यात पोहतो. 2013 च्या एका अभ्यासात त्याचा ऊर्जेचा खर्च मोजला गेला. उडताना तो विश्रांतीच्या 31 पट निघाला. एवढं महाग उड्डाण तोवर कुठल्याच पक्ष्यात मोजलेलं नव्हतं. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. त्यात आखूड, ताठ पंख लागतो, तर हवेत लांब आणि रुंद. गिलमॉट मधल्या जागी अडकलेला आहे. पेंग्विनच्या पूर्वजांचीही अशीच ओढाताण झाली असावी, आणि त्यांनी हवा सोडली. न्यूझीलंडमध्ये सापडलेला वायमानू हा पेंग्विन सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो तेव्हाच उडत नव्हता.

[दृश्य : भायखळ्याच्या राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन, काचेपलीकडून.]

काचेजवळ उभं राहून पंखाकडे नीट बघा. कोपर आणि मनगट जवळजवळ वाकतच नाही. सगळा पंख वल्ह्यासारखा खांद्यातून फिरतो. आतली हाडं चपटी आणि भरीव असतात, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं. हवेत पंख वर नेताना फारसं काही अडवत नाही, म्हणून कोंबडीतली ती पट्टी बारीक. पाणी मात्र वर नेतानाही अडवतं. पेंग्विनमध्ये ती पट्टी चांगली जाडजूड झाली आहे, आणि पंख खाली मारताना तसाच वर उचलतानाही शरीर पुढे ढकललं जातं.

उडायचं नसल्यामुळे वजनाची मर्यादाही उठली. मोठं शरीर उष्णता धरतं आणि जास्त प्राणवायू साठवतं. एम्परर पेंग्विन 40 किलोपर्यंत जातो आणि 500 मीटरहून खोल बुडी मारतो.

[दृश्य : बर्फावर डुलत चालणारी पेंग्विनांची रांग.]

किंमत जमिनीवर चुकवावी लागते. पोहताना पाय सुकाणूसारखे मागे लागतात, म्हणून ते आखूड आणि पार मागच्या टोकाला आहेत. चालणं त्यामुळे महाग पडतं. दोष डुलण्याला दिला जातो, तो चुकीचा आहे. डुलण्याने उलट प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा वाचते. खर्च वाढवतात ते आखूड पाय.

[दृश्य : किनाऱ्यावर स्तब्ध उभा, अंगावर पिसांचे पुंजके लोंबणारा पेंग्विन.]

आणि वर्षातून एकदा पिसं बदलायची असतात. इतर बहुतेक पक्षी थोडी थोडी बदलतात. पेंग्विनला तसं चालत नाही, कारण एका ठिकाणचं पीस गेलं तरी गार पाणी कातडीपर्यंत पोहोचतं. म्हणून सगळी एकदम बदलतात, आणि तेवढे दिवस पाण्यात जाता येत नाही, म्हणजे खाणंही नाही. एम्परर आधी भरपूर खाऊन घेतो, मग साधारण महिनाभर बर्फावर उभा राहतो आणि त्या काळात जवळजवळ निम्मं वजन घालवतो. पायाखालचा बर्फ त्याआधीच फुटला, तर अर्धवट पिसांनिशी त्याला पाण्यात उतरावं लागतं.