कर्ज काढावं की गुंतवणूक मोडावी?

नमस्कार, श्रोतेहो. शिक्षणाची फी भरायची आहे आणि गाठीला गुंतवणूकही आहे. ती मोडायची, की तिला हात न लावता शैक्षणिक कर्ज घ्यायचं? पैसा मुदत ठेवीत असेल तर अडीअडचणीपुरती रक्कम बाजूला काढून बाकीची ठेव खुशाल मोडा. ठेवीवर ७ टक्के मिळवायचे आणि कर्जावर १० टक्के भरायचे, यात तोटाच आहे. पेच पडतो तो शेअर बाजारातल्या फंडाबाबत.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. लेकीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १० लाख लागणार होते आणि नेमके तेवढेच फंडात होते. तिनं वहीत दोन रकाने आखले: कर्जाला १० टक्के, फंडाला १२. मला म्हणाली, "फंड राहू दे, कर्ज घेते. दोन टक्के सुटतात." शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, "आई, बँकेचे दहा टक्के करारात आहेत. हे बारा कुणी लिहून दिलेत?"

मग हिशेब नव्यानं मांडला. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतंच. वर्षाला चक्रवाढ धरली तर दोन वर्षांनी १० लाखांचे १२ लाख १० हजार देणं होतं. फंडानं दोन्ही वर्षं १२ टक्के दिले तर १२ लाख ५४ हजार होतात. नफ्यावर साडेबारा टक्के कर धरला की उरतात सुमारे १२ लाख २३ हजार. म्हणजे सगळं मनासारखं होऊनही फायदा सुमारे १३ हजारांचा. आणि दुसऱ्या वर्षी बाजार १५ टक्क्यांनी पडला तर? फंडात साडेनऊ लाख, देणं मात्र १२ लाख १० हजारच. अडीच लाखांहून जास्त खड्डा!

मुलांना अशा हिशेबाला जवळ बसवावंच, असं माझं ठाम मत आहे. कर्ज त्यांच्या नावावर चढतं आणि सह्या करेपर्यंत त्यांना व्याजाचा दरही कुणी सांगत नाही.

पुन्हा सांगते: व्याज ठरलेलं असतं, परतावा अंदाजाचा असतो. आणि परतावा मोजायचा तो कर वजा करून.

मैत्रिणीनं अख्खा फंड विकला. ७ लाख फीला ठेवले, ३ लाख अडीअडचणीसाठी ठेवीत टाकले आणि तेवढंच, ३ लाखांचं कर्ज घेतलं. ठेवीचे ७ आणि कर्जाचे १०, म्हणजे वर्षाला ९ हजारांचा भुर्दंड. तो तिनं जाणून पत्करला, कारण हात रिकामे असताना आजारपण आलं तर याहून महाग कर्ज काढावं लागतं. लेक शिकत असतानाच ती महिन्याला अडीच हजार व्याज भरते, त्यामुळे मुद्दल ३ लाखांवरच राहतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड आहे का, हे मात्र सही करण्यापूर्वी बँकेला विचारून घ्या.