आईच्या गोळ्या आणि एका पानाचं पत्र

श्रोतेहो, नमस्कार. मी फॅमिली डॉक्टर आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या आईवडिलांची औषधं मुलं पिशवीत भरून आणतात, टेबलावर ओततात आणि म्हणतात, "यातलं काही कमी करता येईल का बघा ना." लगेच उत्तर देणं अवघड जातं, कारण गोळी कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केली हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. म्हणूनच एका लेकीनं लिहिलेलं पत्र आज तुम्हाला सांगावंसं वाटतं. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पत्र एका पानाचं होतं. "डॉक्टर, स. न. वि. वि. आई न्यूमोनियातून बरी होऊन घरी आली आहे. आधी ती तीन गोळ्या घ्यायची, आता आठ घेते. मी स्वतःहून एकही बंद केलेली नाही. पण रोज सकाळी उठताना तिला गरगरतं आणि पाय सुजले आहेत. प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि कधीपर्यंत घ्यायची, एवढं कृपया बघून सांगाल का?"

खाली तिनं यादी दिली होती, पण डिस्चार्ज कार्डावरून उतरवलेली नव्हे. आई प्रत्यक्षात काय घेते, ते तिनं एकेक पाकीट हातात धरून लिहिलं होतं. कंपनीचं नाव नाही, तर त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. माझं निम्मं काम तिथंच झालं.

यादीत पहिली गोळी होती अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रक्तदाबाची, घरी आधीपासून चालू असलेली. चौथी रुग्णालयातून आलेली, तीही रक्तदाबाचीच: टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५, एकाच गोळीत. दोन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून घरात दोन्ही चालू. म्हणजे आईच्या पोटात रोज १० मिलिग्रॅम अ‍ॅम्लोडिपिन जात होतं आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात आणि डोस वाढला की हे प्रमाणही वाढतं. या औषधानं बारीक रोहिण्या सैल होतात, त्यापुढच्या केशवाहिन्यांमध्ये दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त झालंय असं नसतं. त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही. पण फेरतपासणीत सूज दिसली आणि फ्युरोसेमाइड ही लघवीचीच गोळी सुरू झाली. मग आई रात्री लघवीला उठू लागली, झोप मोडू लागली, म्हणून झोपेचं क्लोनाझेपाम आलं. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी. वयस्कर माणसांमध्ये हे मी फार वेळा पाहते आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

लेकीनं आणखी एक मोलाची गोष्ट लिहिली होती. बसून रक्तदाब १२८/७४, उभं राहून तीन मिनिटांत १०४/६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर पडण्याचा धोका असतो. इथं तो २४ नं उतरला होता. "गरगरतं" या तक्रारीला त्या दोन ओळींमुळे माप मिळालं.

मी सगळं एकदम बंद केलं नाही. काय बदलल्यानं काय झालं, हे मग कळत नाही. आधी सुटं अ‍ॅम्लोडिपिन थांबवलं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्तातलं पोटॅशियम तपासलं, कारण टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही त्यांवर परिणाम करतात. सूज उतरली. रुग्णालयातल्या तपासणीत हृदय ठीक होतं, म्हणून फ्युरोसेमाइडही थांबवलं. सोबत सूचना दिली: रोज सकाळी वजन करा, चार दिवसांत दोन किलो वाढलं किंवा धाप लागली, तर लगेच फोन करा.

पित्ताची पँटोप्राझोल रुग्णालयात असताना सुरू झाली होती आणि आता तिची गरज उरली नव्हती. थायरॉइडची गोळी मात्र कायमचीच. ती आणि कॅल्शियम आई सकाळी एकत्र घ्यायची. कॅल्शियममुळे थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. म्हणून कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत ठेवलं. गोळ्यांची संख्या तीच राहिली, पण थायरॉइडच्या गोळीचा उपयोग होऊ लागला.

नवी यादी मी तारीख घालून लिहून दिली आणि बंद झालेल्या औषधांची नावंही खाली "बंद" असं लिहून ठेवली. नाहीतर दुकानातून जुनं पाकीट पुन्हा घरात येतं.

झोपेची गोळी अजून चालू आहे. ती एकदम सोडली, तर झोप पार उडते, घबराट होते, कधी झटकेही येऊ शकतात. म्हणून डोस थोडाथोडा उतरवतो आहोत, काही आठवडे तरी लागतील. लेक रक्तदाबाचे बसूनचे आणि उभ्यानं घेतलेले आकडे लिहून पाठवते, ते बघून मी पुढचा डोस ठरवते.